दुकानाचा गल्ला आणि घराची शिल्लक: दोन्ही वेगळं करण्याचा क्रम

हिशेबाला येणाऱ्या दुकानदाराला मी पहिल्याच भेटीत विचारतो, घरचे पैसे आणि दुकानाचे पैसे वेगळे आहेत का? जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, ‘आहेत की, दोन खाती आहेत.’ मग मी सीसीचं, म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या कॅश क्रेडिट कर्जाचं, मंजुरीपत्र मागतो. तारण म्हणून राहता फ्लॅट, जामीनदार म्हणून बायको आणि त्याच बँकेत ‘व्याज बरं मिळतं म्हणून’ ठेवलेली एफडी. खाती दोन असतात, पण दुकान अडचणीत आलं की बँकेच्या दृष्टीने तो सगळा एकच ढीग असतो.

हा लेख एकट्या मालकाच्या, म्हणजे प्रोप्रायटरशिपच्या दुकानासाठी आहे. इथे कायद्याला दुकान आणि मालक हे दोघे वेगळे दिसत नाहीत. पॅन एकच आणि देणंही एकाचंच. भागीदारीत स्थिती याहून वाईट, कारण भागीदाराने केलेल्या देण्यालाही तुमचं घर जबाबदार धरता येतं. प्रायव्हेट लिमिटेड काढली की सुटलो असं अनेकांना वाटतं, पण बँक कर्ज देताना संचालकांची वैयक्तिक हमी घेते आणि त्या एका सहीने भिंत पुन्हा पडते. म्हणून कंपनी काढावी की नाही हा वाद बाजूला ठेवून, आहे त्या दुकानात काय करता येतं ते बघू.

उदाहरणाला आमच्या तालुक्यातले एक हार्डवेअरवाले घेऊ. नाव नको, शेठ म्हणू. सीसीची मर्यादा २० लाख. तारण नवरा-बायकोच्या नावावरचा फ्लॅट. बायको जामीनदार. त्याच बँकेत ६ लाखांची एफडी, पतसंस्थेत ४ लाख, आणि पीपीएफ खातं चालू राहावं म्हणून वर्षाला ५०० रुपये भरलेले. धंदा चांगला चालला होता, आणि हे काम करायची वेळ तीच असते.

तयारी: एक दुपार, चार कागद

काही हलवण्याआधी हे गोळा करा: प्रत्येक कर्जाचं मंजुरीपत्र, तुम्ही व बायकोने आजवर कुणासाठी जामीन राहून केलेल्या सह्यांची यादी, सगळ्या ठेवी-पॉलिसी-फंडांची यादी (कुठल्या बँकेत, कुणाच्या नावावर), आणि दुकानाच्या क्यूआर कोडमागे कुठलं खातं आहे ते.

मंजुरीपत्र बहुतेकांकडे सापडत नाही. बँकेकडून प्रत मागून घ्या. त्यात ‘प्राथमिक तारण’ आणि ‘अतिरिक्त तारण’ असे दोन भाग असतात. पहिल्यात माल आणि येणी, दुसऱ्यात घर, सोनं, एलआयसीच्या पॉलिसी. दुसरा भाग दोनदा वाचा. शेठना तिथे कळलं की सात वर्षांपूर्वीची एक पॉलिसीही बँकेच्या नावे करून दिलेली आहे. ते साफ विसरले होते.

तपासणी: प्रत्येक ठेवीपुढे तीन गोष्टी लिहून होईपर्यंत पुढे जाऊ नका. पैसा कुठे आहे, कुणाच्या नावावर आहे आणि त्यावर कुणाची सही अडकली आहे.

टप्पा १: क्यूआर आणि खाती

सगळ्यात सोपं काम, आणि सगळ्यात जास्त चुकलेलं. दुकानातला क्यूआर घरच्या बचत खात्याला जोडलेला असतो, कारण सुरुवातीला मोबाईलवर तेच खातं होतं. रोजचे शंभर व्यवहार त्या खात्यात पडतात. त्यातला एखादा पैसा कुठल्या तरी ऑनलाइन फसवणुकीतून फिरत आलेला असला, तर पोलिसांच्या सायबर विभागाच्या सूचनेवरून बँक तेवढी रक्कम किंवा अख्खं खातंच गोठवते. गिऱ्हाईक कोण होतं हेही तुम्हाला आठवत नसतं, आणि मुलाची फी त्याच खात्यात अडकलेली असते. खातं मोकळं व्हायला आठवडे लागतात.

म्हणून आधी दुकानाच्या नावाने करंट खातं उघडा आणि क्यूआर, कार्ड मशीन, चेक, व्यापाऱ्यांचं एनईएफटी सगळं तिकडे वळवा. मग घरचं बचत खातं वेगळ्या बँकेत उघडा. वेगळ्या शाखेत नव्हे, वेगळ्या बँकेत. तुमचं देणं थकलं तर त्याच बँकेतली तुमच्या नावाची ठेव बँक देण्यात वळती करून घेऊ शकते. त्यासाठी ती ठेव तारण ठेवलेली असावीच लागते असं नाही. कर्जाच्या करारात तसा मजकूर बहुतेक वेळा असतोच.

इथे आणखी एक हिशेब. बँक बुडाली तर ठेवविम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंत असतं, व्याज धरून. प्रोप्रायटरच्या दुकानाचं करंट खातं आणि त्याचं स्वतःचं बचत खातं, एफडी हे सगळं मिळून ते ५ लाख मोजतात. दुकानाचं नाव वेगळं म्हणून वेगळे ५ लाख मिळत नाहीत. आणि पतसंस्थेला हा विमा नाहीच. शेठचे पतसंस्थेतले ४ लाख मुदत संपताच काढायचं ठरलं ते यामुळे.

चूक: जुना क्यूआर काउंटरवर तसाच राहतो. स्टिकर खरवडून काढा, आणि महिन्याने बचत खात्याचं स्टेटमेंट काढून गिऱ्हाइकांचे पैसे अजून येतात का ते बघा.

टप्पा २: स्वतःला ठरलेली उचल

गल्ल्यातून लागेल तसं उचलणारा दुकानदार दोन्हीकडे फसतो. बऱ्या महिन्यात घर जास्त खातं, वाईट महिन्यात दुकान घराची शिल्लक खातं.

आधी तीन महिने, काहीही न बदलता, घरी नेलेला प्रत्येक रुपया लिहा. गल्ल्यातून काढलेली दुधाची पिशवीसुद्धा. शेठचे आकडे आले ३८ हजार, ६१ हजार आणि ४७ हजार. सरासरी ४८ हजारांच्या थोडी वर आणि दर सहा महिन्यांनी ३६ हजार शाळेची फी, म्हणजे महिन्याला ६ हजार. वहीप्रमाणे वर्षाचा नफा ९ लाख ६० हजार, महिन्याला ८० हजार.

या ८० हजारांकडे बघून लगेच उचल ठरवू नका. वहीतला नफा म्हणजे हातातली रोकड नव्हे. कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल नफ्यातून वजा झालेली नसते, फक्त व्याज झालेलं असतं. मागे वाढवून ठेवलेला माल आणि ठेकेदारांकडे अडकलेली उधारीही नफ्यातच मोजलेली असते. शेठनी उचल ६६ हजार ठरवली: ४८ घरखर्चाला, ६ फीसाठी बाजूला, १२ गुंतवणुकीला. उरलेले १४ हजार दुकानातच. दर महिन्याच्या ५ तारखेला दुकानाच्या खात्यातून घरच्या खात्यात एकदाच ट्रान्सफर, आणि वहीत ‘मालकाची उचल’ म्हणून एकच नोंद.

या ट्रान्सफरने कायद्याने काहीच वेगळं होत नाही, हेही सांगून ठेवतो. पैसा अजून तुमचाच आहे आणि सावकार त्याच्यामागे येऊ शकतो. मिळते ती शिस्त, आणि पुढच्या टप्प्यांत भरायला नियमित पैसा.

तपासणी: ५ तारखेला ६६ हजार काढल्यावर सलग तीन महिने सीसी मर्यादेला टेकत असेल, तर उचल जास्त आहे. तुम्ही कर्जावर घर चालवताय.

टप्पा ३: सह्या

खरा धोका या टप्प्यात आहे, आणि तो लोक शेवटी करतात किंवा करतच नाहीत. आधी पैसे बायकोच्या नावावर हलवायचे आणि बायकोची जामीनदार म्हणून सही तशीच ठेवायची, याला काही अर्थ नाही. जामीनदाराचं देणं कर्जदाराइतकंच असतं. बँकेला आधी तुमच्यामागे आणि मग तिच्यामागे जावं असं बंधन नाही.

दोन याद्या करा. पहिली, तुमच्या कर्जासाठी घरच्यांनी केलेल्या सह्या. दुसरी, इतरांसाठी तुम्ही केलेल्या.

दुसऱ्या यादीकडे फारसं कुणी बघत नाही. पतसंस्थेत दोन जामीनदार लागतात, मेहुणा सही मागतो, नाही म्हणता येत नाही. पतसंस्था आणि सहकारी बँकांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली होते. निबंधकाचा दाखला निघाला की वसुली अधिकारी कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्याही मालमत्तेवर येतो. गावाकडे ‘१०१ निघाला’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, पण आपल्या सहीवरून निघेल असं कुणाला वाटत नाही. अशा प्रत्येक कर्जाची आजची बाकी विचारा. फिटलेलं असेल तर बेबाकी दाखल्याची प्रत घ्या. चालू असेल तर जामीन बदलून देण्याची विनंती कर्जदारामार्फत करा, आणि नवी सही कुणासाठीच नाही.

आता पहिली यादी. सीसीचं दरवर्षी नूतनीकरण होतं. घर आणि बायकोची सही सोडवायची संधी तीच, तीही खातं सुरळीत असताना. बँकेपुढे ठेवण्यासारखे पर्याय असे. राहत्या घराऐवजी दुकानाचा गाळा स्वतःचा असेल तर तो तारण द्या. किंवा छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी हमी न्यासाचं, म्हणजे सीजीटीएमएसईचं, संरक्षण मागा. त्यात घर-जागेचं तारण आणि तिसऱ्याची हमी न घेता बँक कर्ज देऊ शकते, किरकोळ दुकानदारालाही. दरवर्षी हमीशुल्क पडतं. लक्षात ठेवा, ती हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. कर्ज थकलं तर तुमचं देणं तसंच राहतं, फक्त घर गहाण नसतं आणि बायको कागदावर नसते.

शेठना बँकेने पहिल्यांदा सरळ नकार दिला. मग आम्ही वर्षभराची स्टेटमेंट काढली. २० लाखांची मर्यादा असूनही वापर १३ लाखांच्या वर क्वचितच गेला होता. मर्यादा १५ लाखांवर आणायची तयारी दाखवली, शेजारच्या एका बँकेकडून खातं उचलून घेण्याचं पत्र आणलं, आणि तिसऱ्या महिन्यात हमी न्यासाखाली नवं मंजुरीपत्र आलं. प्रत्येकाला मिळेलच असं नाही. पण न मागता कुणालाच मिळत नाही, बँक आपणहून घर सोडत नसते.

घर गहाण नसलं म्हणजे ते अभेद्य झालं असंही नाही. गहाण असेल तर सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात न जाता ताब्याची कारवाई सुरू करू शकते. गहाण नसेल तर तिला आधी दावा जिंकावा लागतो, आणि मग जप्ती तुमच्या हिश्श्यावर येते. बायकोचा हिस्सा तिचा राहतो, तिची सही नसेल तर. तडजोडीला वेळ मिळतो तो इथे.

तपासणी: तोंडी ‘सोडलं’ चालणार नाही. फ्लॅटचा मूळ करारनामा परत हातात, हमीदार मुक्त केल्याचं बँकेचं पत्र, सरसाई म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणीतली नोंद रद्द, आणि सोसायटीच्या दप्तरातला बोजा कमी. चारही मिळाल्याशिवाय टप्पा पूर्ण धरू नका.

टप्पा ४: घरचा पैसा कुठल्या भांड्यात

भांडी भरण्याचा क्रम: आधी घरखर्चाचा साठा, मग विमा, मग पीपीएफ, आणि त्यानंतर म्युच्युअल फंड वगैरे.

शेठची ६ लाखांची एफडी मुदतीला आली तेव्हा आपोआप नूतनीकरण बंद करून पैसे घरच्या बँकेत नेले. ३ लाख दोघांच्या नावे एफडी, म्हणजे साडेपाच महिन्यांचा घरखर्च आणि फी. १.५ लाख त्यांच्या पीपीएफमध्ये, १.५ लाख बायकोच्या. वर्षाला एका माणसाला तेवढीच मर्यादा. एका रकमेत भरणार असाल तर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा, म्हणजे त्या महिन्याचं व्याज सुटत नाही.

पीपीएफच का? कारण त्यातली रक्कम खाजगी देण्यापोटी कोर्टाच्या हुकमानेही जप्त होत नाही, तशी तरतूद योजनेच्या नियमांतच आहे. दोन मर्यादा मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. आयकराच्या थकबाकीपुढे हे संरक्षण चालत नाही. आणि पैसे काढून बचत खात्यात आणले की ते साधे पैसे होतात. १५ वर्षं अडकतात ही तक्रार दुकानदार करतात. मला तोच त्याचा गुण वाटतो, कारण दिवाळीचा माल भरायला ते हाताशी लागत नाहीत.

विम्यात एकच गोष्ट बघा. मुदत विमा घेताना, प्रस्तावाच्या वेळीच, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा, १८७४, कलम ६ खालचा फॉर्म भरायचा. एजंटला ‘एमडब्ल्यूपी’ म्हटलं की कळतं. मग ती पॉलिसी बायको-मुलांच्या विश्वस्त निधीसारखी होते. मालकाच्या मागे सावकारांनी दावा केला तरी ती रक्कम त्याच्या मालमत्तेत धरली जात नाही. घेतलेली पॉलिसी नंतर या कायद्याखाली आणता येत नाही, म्हणून शेठना नवीनच घ्यावी लागली. लाभार्थी नंतर बदलता येत नाहीत, आणि पॉलिसी कर्जासाठी बँकेला देता येत नाही. पॉलिसी हातात आली की त्यावर या कायद्याचा शेरा आहे का ते बघा. फॉर्म भरला पण शेरा नाही, असं मी दोनदा पाहिलंय.

इशारा: देणी थकल्यावर किंवा नोटीस आल्यावर घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करून देणं, विम्याचे एकदम मोठे हप्ते भरणं, यातलं काही टिकत नाही. सावकारांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं, आणि तडजोडीच्या टेबलावर तुमचा शब्द पडतो.

टप्पा ५: दुकान घराकडे पैसे मागेल तेव्हा

मागणारच. शेठच्या बाबतीत आठव्या महिन्यात एका ठेकेदाराकडे ९ लाखांची उधारी अडकली. कंपनीची स्कीम संपत आली होती आणि माल उचलायला ५ लाख कमी पडत होते. ‘पंधरा दिवसांसाठी एफडी मोडतो,’ म्हणून फोन आला.

असा फोन येण्याआधीच, शांत असताना, कागदावर दोन ओळी लिहून दोघांनी सही केलेली असावी. त्यांच्या अशा होत्या: घरातून दुकानाला एका वेळी जास्तीत जास्त १ लाख, तेही पहिले फिटल्याशिवाय दुसरे नाही. घरखर्चाचा साठा आणि पीपीएफ यांना कुठल्याही कारणाने हात नाही. १ लाख गेला तर चेकने किंवा ट्रान्सफरने, वहीत ‘मालकाकडून आलेली रक्कम’ म्हणून, आणि परतीची तारीख लिहून.

शेठनी १ लाख दिला आणि स्कीमचा निम्मा माल उचलला. ठेकेदाराचे ९ लाखांपैकी ३ लाखच आले, तेही वर्षाने. ५ लाख घरातून गेले असते तर एफडी पूर्ण संपून वर २ लाखांना खासगी व्याजाकडे जावं लागलं असतं.

ठेकेदाराला पुढचा माल रोखीने द्यायचा हे त्यानंतर ठरलं. ते आधीच ठरायला हवं होतं, पण तो वेगळा विषय.

चूक: बायकोला न सांगता सोनं ठेवून सीसीचं व्याज भरणं. ते कर्ज कुठल्याच वहीत दिसत नाही, आणि मर्यादेत धरलं जात नाही.

टप्पा ६: वर्षातून एकदा

सीसीच्या नूतनीकरणाआधी पंधरा दिवस हे करा, कारण बँक तेव्हा सह्यांचा गठ्ठा पुढे करते. नव्या कागदांत बायकोचं नाव पुन्हा आलंय का ते पानापानाने बघा. जुन्या नमुन्यावरून कागद टाइप होतात आणि ते नाव परत येतं. पतसंस्थेत किंवा सीसीच्या बँकेत नवी ठेव झाली आहे का, क्यूआर कुठे जातो, उचल किती झाली, हे एकाच बैठकीत होतं. तासभर पुरतो.

आधीच उशीर झाला असेल तर

सीसीत सलग ९० दिवस मर्यादेच्या वर बाकी राहिली, किंवा ९० दिवस भरणाच झाला नाही, की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. त्याच्या आत असाल तर मालमत्ता हलवत बसू नका. माल विकून मर्यादेखाली या, कमी भावात गेला तरी चालेल. दुकानाचा माल गेला तर दुकान जातं, घराची एफडी मोडून व्याज भरलं तर दोन्ही जातात. शाखेत लेखी पत्र देऊन हप्ते पाडून किंवा मर्यादा कमी करून मागा, पोच घ्या.

एनपीए झालंच असेल तर एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव देण्याआधी वकिलाकडून दोन गोष्टी तपासून घ्या: घर खरोखर गहाण पडलंय की नुसती झेरॉक्स दिलेली आहे, आणि बायकोची सही जामीनदार म्हणून आहे की फक्त सहमालक म्हणून. प्रस्तावातली रक्कम या दोन उत्तरांवरून ठरवा. आणि तो पैसा पीपीएफमधून काढू नका. तुमच्या हातातलं तेच एक भांडं आहे ज्याला बँक स्वतः हात लावू शकत नाही.